आपली जाहिरात कोणत्या व्हिडिओआधी लागते, आणि ती तिथून हलवायला किती खर्च येतो

यूट्यूबवर जाहिरात सुरू केली की आठवड्याभरात आमच्या ग्राहकांपैकी कोणाचा तरी सकाळी सकाळी फोन येतो. मेहुण्याने किंवा मित्राने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवलेला असतो: वर आपल्या दुचाकीची दसरा ऑफर, खाली हायवेवरच्या अपघाताच्या बातमीचं शीर्षक. "हे ताबडतोब बंद करा, सगळ्या बातम्याच बंद करा," असं सांगणं असतं. राग रास्त आहे. पण सगळ्या बातम्या बंद केल्या की काय होतं, ते आधी कळलेलं बरं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट त्या स्क्रीनशॉटची. जाहिरात व्हिडिओला चिकटवलेली नसते. प्रत्येक वेळी बघणाऱ्याप्रमाणे वेगळी जाहिरात निवडली जाते. तुमच्या मेहुण्याला तुमची जाहिरात दिसली, कारण तो तुमच्याच तालुक्यात राहतो आणि बहुधा तुमच्या संकेतस्थळावर येऊन गेला आहे. तीच बातमी नाशिकच्या माणसाने उघडली तर त्याला दुसरंच काहीतरी दिसेल. म्हणून स्क्रीनशॉट आला की आम्ही खात्यातला Where ads showed हा अहवाल उघडतो. त्या चॅनलवर आपली जाहिरात किती वेळा दाखवली गेली, ते त्यात कळतं. लाखोंतून पन्नास वेळा असेल तर एक चॅनल वगळून काम होतं. पन्नास हजार वेळा असेल तर मात्र बसून बोलावं लागतं.

कोणती कळ काय करते

गुगल ॲड्समध्ये Content suitability नावाचं पान आहे. तिथली निवड पूर्ण खात्याला लागू होते, एखाद्याच मोहिमेला नव्हे. हे विसरून अनेकांनी दिवाळीत स्वतःचीच वाट अडवली आहे. त्या पानावर सर्वात वर तीन पायऱ्या दिसतात: Expanded, Standard आणि Limited inventory. काहीच बदललं नाही तर खातं Standard वर असतं. त्यात सतत येणारी जबर शिवीगाळ, उघड लैंगिक मजकूर आणि अंगावर येणारी हिंसा आधीच बाहेर ठेवलेली असते, मग ती खरी असो वा अभिनयातली. Expanded मध्ये यातलं बरंचसं परत आत येतं. आमच्या कोणत्याही ग्राहकाला आम्ही ते देत नाही.

Limited म्हणजे सर्वात कडक, म्हणून तेच लावा, असा आग्रह होतो. गफलत इथेच होते. Limited ही पायरी मुख्यतः भाषा आणि सूचक दृश्यं यांच्याबाबत आणखी सोवळी आहे. अपघाताची बातमी सभ्य भाषेत, रक्त न दाखवता सांगितली असेल, तर ती Limited मध्येही बसू शकते. म्हणजे तक्रार अपघाताच्या बातमीची, आणि औषध शिव्यांवरचं. पोहोच कमी होते ती होतेच, आणि मेहुण्याचा पुढचा स्क्रीनशॉट काही थांबत नाही.

बातम्यांना हात लावणाऱ्या कळा वेगळ्या आहेत. News हा विषयच मोहिमेतून वगळता येतो. थेट प्रक्षेपण वगळता येतं. एकेक चॅनल वगळता येतं. काही शब्द नेमून त्या आशयाचा मजकूर टाळता येतो. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर लागणाऱ्या बॅनरसाठी Tragedy and conflict अशी स्वतंत्र खूण आहे, तिथे ती जरूर वापरावी.

ही सगळी व्यवस्था जाहिरातदारांच्या रेट्यातून सुधारत गेली. मार्च 2017 मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने दाखवून दिलं की नामवंत कंपन्यांच्या आणि खुद्द ब्रिटिश सरकारच्या जाहिराती अतिरेकी गटांच्या व्हिडिओंवर लागत आहेत. अनेकांनी पैसे थांबवले, गुगलला माफी मागावी लागली आणि त्यानंतर कळा वाढत गेल्या. तेव्हाची भीती द्वेषाच्या व्हिडिओंची होती. आपल्याकडचा प्रश्न बहुतेक वेळा साध्या जिल्हा बातम्यांचा असतो, आणि त्या आपल्या गिऱ्हाइकांच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात.

शब्दांची यादी: सर्वात स्वस्त दिसणारी, सर्वात महाग पडणारी

इंटरनेटवरून उतरवलेली दोनशे शब्दांची यादी आणून "हे सगळे शब्द टाका" म्हणणारे ग्राहक भेटतात. मराठीत हे फार जपून करावं लागतं. 'बळी' हा शब्द वगळायला सांगितला, तर अपघाताचे बळी जातील, पण क्रिकेटमध्ये पाच बळी घेणारा गोलंदाजही जाईल आणि शेतीच्या व्हिडिओंतला बळीराजाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाने असं करणं म्हणजे आपलं गिऱ्हाईक आपणच दारातून परत पाठवणं. 'स्फोट' वगळला की धावांचा स्फोट गेला. 'दारू' वगळली की फटाक्यांची दारू गेली. 'बार' वगळला तर लग्नाचा बारही उडायचा राहिला. आणि एवढं करूनही हमी नाही: व्हिडिओ आणि बॅनरच्या मोहिमांत वगळलेला शब्द सर्चइतका काटेकोर लागत नाही. यंत्र व्हिडिओचा एकूण आशय काय आहे याचा अंदाज घेतं, आणि तो अंदाज कधी चुकतो.

शब्द वगळण्याचा खरा उपयोग आम्हाला एका जागी दिसतो: पतसंस्थांना. ठेवींच्या जाहिरातीखाली 'अपहार, ठेवीदार हवालदिल' असं शीर्षक आलं तर ते नुसतं अशोभनीय राहत नाही, दुसऱ्या दिवशी शाखेत ठेव मोडायला माणूस येतो. तिथे 'ठेव' हा शब्द वगळून चालत नाही, तो तर आपलाच विषय. 'अपहार', 'घोटाळा', 'गैरव्यवहार', 'अवसायक' एवढे चार-पाच शब्द पुरतात. इथे पोहोच थोडी घटली तरी आम्ही हरकत घेत नाही.

हिशेब एका शोरूमचा

आता पैशाकडे येऊ. समजा, एक दुचाकी शोरूम आहे. तीन तालुक्यांत, दसऱ्याआधी दहा दिवस, 30,000 रुपयांत जाहिरात चालवायची आहे. पुढचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे दर तुमच्या भागावर आणि हंगामावर ठरतील.

पहिला मार्ग: Standard ठेवलं, बाकी काही वगळलं नाही. हजार वेळा दाखवायला 60 रुपये पडले, तर 30,000 रुपयांत जाहिरात 5 लाख वेळा दिसते. प्रत्येकाला सरासरी तीनदा दिसली, तर साधारण 1,66,000 माणसांपर्यंत पोहोचली. माणशी 18 पैसे.

दुसरा मार्ग: रागाच्या भरात सगळ्या कळा दाबल्या. Limited, News वगळलं, थेट प्रक्षेपण वगळलं, वर दोनशे शब्द. आता उरलेल्या थोड्या जागांवर बाकीचे जाहिरातदारही टपलेले असतात, म्हणून दर 95 वर जातो. तीन तालुक्यांत तेवढे व्हिडिओ बघणारेच उरत नाहीत, म्हणून दहा दिवसांत 22,000 रुपयेच खर्च होतात. जाहिरात सुमारे 2,31,000 वेळा दिसते, पण त्याच त्या माणसांना साडेचारदा. एकूण माणसं साधारण 51,000. माणशी 43 पैसे. वाचलेले 8,000 रुपये ही बचत नव्हे. दसरा होऊन गेला आणि त्या पैशांची जाहिरात झालीच नाही.

तिसरा मार्ग, जो आम्ही सहसा सुचवतो: Standard कायम, बातम्या चालू, पण थेट प्रक्षेपण बंद, आणि अहवाल पाहून नडणारे सात-आठ चॅनल नावानिशी बाहेर. दर 66 धरला, तर साडेचार लाख वेळा, प्रत्येकाला 3.2 वेळा, म्हणजे सुमारे 1,42,000 माणसं, माणशी 21 पैसे. पहिल्या मार्गापेक्षा 24,000 माणसं कमी. ही मनःशांतीची किंमत, आणि ती आम्हाला परवडणारी वाटते.

थेट प्रक्षेपण आधी बंद करण्याचं कारण साधं आहे. व्हिडिओ चढवल्यावर त्यात काय आहे ते यंत्राला तपासता येतं. थेट चालू असलेल्या वाहिनीवर पुढच्या मिनिटाला काय दिसणार हे कोणालाच ठाऊक नसतं. यातला तोटाही लक्षात घ्या: गणपतीतलं थेट दर्शन आणि आरत्याही याच कळीने बंद होतात. पूजासाहित्य किंवा मिठाईवाल्या ग्राहकांना ही कळ आम्ही त्या दिवसांत लावत नाही.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं: बातम्यांवर रागावणारे ग्राहक बालगीतांच्या चॅनलकडे कधी बघत नाहीत. तिथे कसलाही अभद्रपणा नाही, पण फोन तीन वर्षांच्या पोराच्या हातात असतो. शोरूमच्या जाहिरातीवर त्याचं बोट पडलं की क्लिकचा आकडा छान दिसतो. आम्ही बातम्यांआधी हे चॅनल वगळतो.

जास्त आवळलं गेलंय हे कसं ओळखायचं

बदल केल्यावर आठवडाभर तीन आकडे बघा. रोजचा ठरवलेला खर्च पूर्ण होतो का? हजारी दर चढला का? आणि एका माणसाला सरासरी किती वेळा दिसते हा आकडा वाढतो आहे का? तिन्ही एकदम बिघडले तर गळा आवळला गेला आहे. तुलना मात्र सारख्या दिवसांची करा. दसऱ्याच्या आठवड्यात दर तसाही चढतो, त्याचा दोष कळांना देऊ नका. आणि एका वेळी एकच कळ बदलायची. चार एकदम बदलल्या तर कोणती नडली ते शेवटपर्यंत कळत नाही.

काही गोष्टी कोणत्याच कळीने होत नाहीत. व्हिडिओखाली लोक काय लिहितात, शेजारी कोणता व्हिडिओ सुचवला जातो, आपल्या आधी किंवा नंतर कोणाची जाहिरात लागते, यावर आमचा ताबा नाही. ताज्या बातमीचा व्हिडिओ पहिल्या काही तासांतच धावतो, आणि तेवढ्यात त्याची वर्गवारी चुकली तर जाहिरात लागून जाते. म्हणून 'पुन्हा कधीच दिसणार नाही' असं लिहून मागितलं तर आम्ही ते देत नाही.

रुग्णालयं, शाळा आणि पतसंस्था यांच्यासाठी आम्ही सुरुवातीपासूनच कडक बसवतो, कारण तिथे एक वाईट शेजार खूप काळ लक्षात राहतो. टायर, साड्या, फर्निचर, क्लासेस यांना तिसरा मार्ग.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट आला की नुसतं चित्र पुढे ढकलू नका. व्हिडिओची लिंक, पाहिल्याची तारीख आणि साधारण वेळ आमच्या नंबरवर पाठवा. लिंक असली की चॅनल त्याच दिवशी वगळता येतं. कापलेल्या चित्रावरून चॅनल शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो.