कापराचा फोटो पाहून काय कळतं?

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुळशीबागेतल्या कापराचे फोटो फिरू लागतात. "खडे आहेत, वड्या नाहीत, म्हणजे अस्सल भीमसेनी!" पण खड्यांवरून एवढंच कळतं की माल यंत्रात दाबून वड्या पाडलेल्या नाहीत. कारखान्यात तयार झालेल्या कापराचेही असे खडे करता येतात. पिशवीला आतून पांढरे कण चिकटलेत? कापूर थेट वायू होऊन उडतो आणि पुन्हा घट्ट होतो, त्याची ती खूण. डांबरगोळ्याही हेच करतात.

मुळात 'नैसर्गिक' आणि 'शुद्ध' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापूरवृक्षाच्या लाकडातून काढलेला आणि टर्पेंटाइनपासून बनवलेला, दोन्ही कापूर C₁₀H₁₆O च. फरक रेणूच्या ठेवणीत. हा रेणू डाव्या-उजव्या हातांसारखा दोन रूपांत असतो. झाडातली विकरं त्यातलं एकच रूप घडवतात. कारखान्यात टर्पेंटाइनमधल्या पायनीनची आम्लाच्या साहाय्याने फेरजुळणी करतात, तेव्हा दोन्ही रूपं जवळपास निम्मी-निम्मी होतात.

हे डोळ्यांना दिसत नाही, ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाला मात्र 'दिसतं'. 10 ग्रॅम कापूर अल्कोहोलमध्ये विरघळवून द्रावण 100 मिलिलिटर करा आणि हे प्रतल किती वळलं ते मोजणाऱ्या पोलॅरिमीटरच्या 10 सेंटिमीटर नळीत भरा. झाडाचा कापूर प्रकाशाचं प्रतल साधारण सव्वाचार अंशांनी उजवीकडे वळवतो. कारखान्याच्या कापरात एका रूपाने वळवलेलं दुसरं परतवतं, काटा शून्याजवळ राहतो. समजा, दोन अंशांच्या जरा वर आला. मग निम्मा कापूर कृत्रिम आहे, की निम्मी दुसरीच भेसळ? इथे वितळणबिंदू कामी येतो. दोन्ही कापूर 180 अंश सेल्सिअसच्या जरा खाली वितळतात, पण त्यात दुसरं काही मिसळलं तर हा बिंदू इतर पदार्थांच्या मानाने फारच घसरतो. तो जागेवर असेल, तर माल शुद्धच, फक्त सगळा झाडाचा नाही.

(कापूर हुंगला की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, हा 2021 मधला फॉरवर्ड अजून जिवंत आहे. तसं काही होत नाही. उलट मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात.)

चंदनतेलाचा फिका पिवळा रंगही असाच निरुपयोगी पुरावा आहे, कारण रंग मिसळता येतो. भारतीय चंदनाच्या तेलात अल्फा-सँटॅलॉल हा मुख्य घटक 41 ते 55 टक्के असावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा. उदबत्तीच्या काडीचा चंदनी रंग तर बहुधा रंगच असतो.

लेबल वाचायचं ते वजन, पॅकिंगचा महिना आणि उत्पादकाच्या पत्त्यासाठी. सैल झाकणाच्या जुन्या डबीत कापूर छापलेल्या वजनापेक्षा कमी भरला, तर दुकानदाराशी भांडण्याआधी तो महिना बघा. कापूर उडूनही गेला असेल.