चौदाऐवजी सोळा: चित्रालेखाची छोटी चाचणी कशी बेतावी

चित्रालेखावर चाचणी काढायला बसले की हात आपोआप पहिला प्रश्न लिहितो: 'सर्वात जास्त मुले शाळेत कशी येतात?' प्रश्न वाईट नाही, मुलांची भीड चेपते. पण त्याचे उत्तर द्यायला चित्रालेख वाचावा लागत नाही. सगळ्यांत लांब ओळ कुठली, एवढे डोळ्यांनी दिसले की झाले. एका चित्राची किंमत किती, हे न बघताही मूल बरोबर ठरते आणि आपल्याला वाटते, याला चित्रालेख येतो.

समजा, कळव्यातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात 48 मुले आहेत. ती शाळेत कशी येतात, याचा हा चित्रालेख:

चालत ●●●●●
रिक्षा ●●●◐
बस ●●
स्कूटर ●◐
(1 ● = 4 मुले)

चित्राच्या जागी नुसते गोल का काढले? रिक्षाच्या ओळीत रिक्षाचेच चित्र काढायचा मोह होतो. पण इथे आपण मुले मोजतो आहोत, वाहने नव्हे. तीन रिक्षा दिसल्या की मूल तीन रिक्षा मोजते, आणि अर्धी रिक्षा बघून 'बाई, ही मोडली का?' असे विचारते. शिवाय बसचे चित्र मोठे, स्कूटरचे छोटे काढले, तर दोन बसची ओळ साडेतीन रिक्षांएवढी लांब दिसू शकते. व्हिएन्नात ऑटो न्यूराथ यांनी 1920च्या दशकात सामान्य लोकांसाठी आकडेवारीची चित्रे करताना एक नियम पाळला होता: संख्या वाढली की चित्र मोठे करायचे नाही, तेच चित्र पुन्हा काढायचे. उंचीबरोबर रुंदीही दुप्पट केली तर चित्र चौपट जागा व्यापते आणि डोळा फसतो. चौथीच्या चाचणीलाही तो नियम तसाच लागू आहे. अर्धे काढायला गोल सोपा, आणि झेरॉक्समध्ये रंग उडाले तरी त्याचे काही बिघडत नाही.

आता खरा प्रश्न: 'रिक्षाने किती मुले येतात?' उत्तर 14. पण परीक्षकाला बरोबर उत्तरापेक्षा चुकीची उत्तरे जास्त सांगतात, म्हणून ती आधीच काढून बघावीत. जे मूल फक्त चित्रे मोजते ते 4 लिहील. प्रमाण कळले, पण अर्ध्यालाही पूर्ण धरले, तर 16. अर्धे सोडून दिले, तर 12. अर्धे म्हणजे एक असे वाटले, तर 13. चार चुका, चार वेगळे आकडे. कागद हातात आला की मुलाला न विचारताही त्याने काय केले असावे, याचा बराच अंदाज येतो.

हेच प्रमाण 1 ● = 2 मुले असे ठेवले असते तर? मग रिक्षाने 7 मुले. 'अर्धे म्हणजे एक' असे मानणाऱ्या मुलाचे उत्तरही तीन दुणे सहा आणि एक, म्हणजे 7 येते. समज चुकीची, उत्तर बरोबर, पूर्ण गुण! दोनचे प्रमाण सोपे म्हणून आपण ते निवडतो आणि त्याच्याआड नेमकी ही चूक लपते. पाचचे प्रमाण घेतले, तर अर्ध्या चित्रात अडीच मुले येतात, म्हणजे तेही गेले. चार किंवा दहा बरे.

तुलनेच्या प्रश्नात आकड्यांची निवड आणखी चिवट होते. 'चालत येणारी मुले रिक्षाने येणाऱ्यांपेक्षा किती जास्त?' उत्तर 20 वजा 14, म्हणजे 6. पण स्कूटरने येणारी मुलेही 6च आहेत. मुलाने वजाबाकी केली की चुकीच्या ओळीतला आकडा उचलला, हे कळायला मार्ग नाही. चालत आणि स्कूटर घेतले तर फरक 14, तो रिक्षाचा आकडा. रिक्षा आणि बस घेतले तर पुन्हा 6. रिक्षा आणि स्कूटर घेतले तर 8, तो बसचा. बस आणि स्कूटर यांत फरक 2, आणि बसच्या ओळीतली चित्रेही दोनच. सहा जोड्यांपैकी एकच कामाची उरते: चालत आणि बस, फरक 12. 'जास्त' हा शब्द वाचून बेरीज करणारे मूल 28 लिहील, नुसत्या चित्रांचा फरक काढणारे 3, आणि 'किती जास्त'ऐवजी 'किती' एवढेच वाचणारे 20. इतके तपासायला पाच मिनिटे लागतात, पण ती घालवावीत असे माझे मत आहे.

अमेरिकेतल्या गणित-शिक्षण संशोधक फ्रान्सिस कर्सिओ यांनी 1987 साली आलेखवाचनाच्या तीन पायऱ्या मांडल्या: आलेखात जे लिहिले आहे ते वाचणे, त्यातल्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध लावणे, आणि आलेखाच्या पलीकडे जाणे. पहिल्या दोन वर झाल्या. तिसरीसाठी मी असे विचारेन: 'वर्गात 4 नवी मुले आली, सगळी बसने येतात. आता बसच्या ओळीत किती चित्रे?' उत्तर 3. प्रमाण न वापरणारे 6 म्हणेल, प्रश्न चित्रांचा आहे हे विसरलेले 12 म्हणेल. 'मुले रिक्षाने का येतात?' असे मात्र विचारू नये. त्याचे उत्तर आलेखात नाही, मग आपण तपासणार काय?

स्तंभालेखात अर्ध्या चित्राची जागा दोन आकड्यांमधली रेघ घेते. डब्यात काय आणले याचा आलेख काढू: चपाती-भाजी 18, पोहे 12, इडली 10, उपमा 8. उभ्या रेषेवर 0, 4, 8 असे 20पर्यंत आकडे आणि मध्ये एकेक बारीक रेघ. चपाती-भाजीचा स्तंभ 16 आणि 20च्या मधल्या रेघेला टेकतो. जवळचा छापील आकडा उचलणारे मूल 16 किंवा 20 लिहील, बारीक रेघ म्हणजे एक असे मानणारे 17, नुसती घरे मोजणारे 9. इडलीवर प्रश्न विचारला असता तर फसलो असतो, कारण 10च्या खालचा छापील आकडा 8 म्हणजे उपमा आणि वरचा 12 म्हणजे पोहे. रेषा शून्यापासूनच सुरू करावी. ती 6पासून सुरू केली, तर चपातीचा स्तंभ उपम्याच्या सहापट उंच दिसेल. तो डाव मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवावा.

एवढ्या वयाला पाच-सहा प्रश्न पुरतात आणि पहिल्या वेळी पर्याय देऊच नयेत, रिकामी जागा ठेवावी. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी चारातून एकदा बरोबर येते. रिकाम्या जागेत मुले जे आकडे लिहितील, त्यांतलेच पुढच्या वेळी पर्याय करावेत. आपल्याला न सुचलेली एखादी चूक त्यांत हमखास सापडते.

एका उत्तरावरून निदान मात्र करू नये, कारण 16 ही पाढ्यातली घसरणही असू शकते. म्हणून शेवटी प्रमाण बदललेला एक चित्रालेख द्यावा. ऐरोलीच्या खाडीवर दिसलेल्या फ्लेमिंगोंचा काढू: 1 ● = 10 पक्षी, ओळीत ●●◐. बरोबर उत्तर 25. आधी 16 लिहिणाऱ्याने इथे 30 लिहिले, तर अर्ध्याला पूर्ण धरायची त्याची सवय पक्की आहे. एखाद्या मुलाने 10 लिहिले, तर ते जुन्याच प्रमाणावर अडले आहे. आणि आधीचे 14 बरोबर आलेले एखादे मूल इथे 22 लिहिते. त्याने 'अर्धे म्हणजे दोन' असे पाठ केलेले असते, आणि पहिल्या आलेखावर ते कुणाच्या लक्षात येत नाही.