पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी: पेअर्ड टी-टेस्ट की अनपेअर्ड?

विश्लेषणासाठी गुण पाठवण्याआधी एवढे तपासा: पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी त्याच विद्यार्थ्यांनी दिली आहे का, आणि कोणते दोन गुण एकाच विद्यार्थ्याचे हे सांगता येते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर पेअर्ड टेस्ट लावायची. अनपेअर्ड टेस्ट दोन वेगळ्या गटांसाठी आहे, म्हणजे एका तुकडीची दुसऱ्या तुकडीशी तुलना करायची असेल तेव्हा.

निवड चुकली की निष्कर्षच उलटू शकतो. आठ विद्यार्थ्यांचे हे गुण पाहा.

पूर्वचाचणी: ४२, ५५, ६१, ३८, ७०, ४९, ५८, ४७
उत्तरचाचणी: ४६, ५८, ६६, ४४, ७२, ५३, ५९, ५४

सरासरी ५२.५ वरून ५६.५ झाली, म्हणजे ४ गुणांची वाढ. अनपेअर्ड टेस्ट ही वाढ विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधल्या फरकाशी ताडून पाहते. इथे कुणाला ३८ तर कुणाला ७० गुण आहेत. एवढ्या पसाऱ्यात ४ गुण बुडून जातात: टी ०.८०, आणि पी, म्हणजे परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.४४. उपक्रमाचा परिणाम दिसला नाही, असेच कुणीही लिहील.

पेअर्ड टेस्ट प्रत्येकाचा फरक घेते: ४, ३, ५, ६, २, ४, १, ७. सरासरी ४, प्रमाण विचलन २. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.७०७ येते आणि टी ५.६६. स्वातंत्र्य मात्रा ७, पी ०.००१ पेक्षा कमी. हुशार आणि कच्चा विद्यार्थी यांच्यातले मूळचे अंतर वजाबाकीतच निघून गेले.

पूर्वचाचणीचे गुण B आणि उत्तरचाचणीचे C स्तंभात असतील, तर एक्सेलमध्ये पी काढणारे सूत्र असे:

```
=T.TEST(B2:B9,C2:C9,2,1)
```

शेवटचा १ म्हणजे पेअर्ड. २ आणि ३ हे अनपेअर्डचे प्रकार. उत्तरचाचणीला काही जण गैरहजर असल्याने दोन स्तंभांची लांबी वेगळी झाली, तर १ ला `#N/A` येते. मग १ च्या जागी २ टाकून उत्तर मिळवले जाते. असे करू नका. ज्यांचा एकच गुण आहे त्यांच्या ओळी वगळा आणि किती वगळल्या ते अहवालात लिहा.

याहून घातक चूक म्हणजे एकच स्तंभ चढत्या क्रमाने लावणे. जोड्या तुटतात, पण सूत्र काहीही तक्रार न करता उत्तर देते. म्हणून हजेरी क्रमांकाचा स्तंभ ठेवाच, आणि क्रम लावायचा तर सगळे स्तंभ एकत्र निवडून लावा.

गुणांचे वितरण प्रसामान्य आहे का, हे तपासताना दोन स्तंभ वेगवेगळे पाहण्याची गरज नाही. फरकांचा स्तंभ पाहावा. त्यात एखादा फरक इतरांपासून फारच दूर असेल आणि विद्यार्थी थोडे असतील, तर विल्कॉक्सनची चिन्हांकित-क्रम चाचणी बरी.

उत्तरपत्रिका निनावी घेतल्या असतील, तर जोड्या नंतर लावता येत नाहीत. अनपेअर्ड टेस्टही तिथे नीट बसत नाही, कारण दोन्ही गट स्वतंत्र नसतात. बहुधा खरी वाढही तिच्यात निसटते. नाव नको असेल तर पूर्वचाचणीआधीच प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या आणि तोच उत्तरचाचणीवर लिहून घ्या.