अभ्यासातला डोळ्यांचा ताण

तासन् तास जवळचे वाचल्यामुळे कपाळ किंवा भुवयांवर दुखणे, डोळे जड होणे, चुरचुरणे आणि ओळी मधूनच पुसट होणे या तक्रारींना मिळून डोळ्यांचा ताण किंवा दृष्टिश्रम म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत हा ॲस्थेनोपिया. दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये तो फार आढळतो. त्याने डोळ्याला कायमची इजा होत नाही. मंद उजेडात वाचून डोळे जातात ही घरोघरी ऐकू येणारी भीतीही खरी नाही. मात्र मंद उजेड, वाचनाचे अंतर, विश्रांतीचा अभाव आणि चष्म्याचा नंबर या चारही गोष्टी डोळ्यातल्या एकाच स्नायूवर भार टाकतात. त्या स्नायूचा हिशेब समजला की डोकेदुखी नंबराची आहे की दुसऱ्या कशाची, याचा बराचसा अंदाज घरीच बांधता येतो.

नंबर नसलेला डोळा दूर पाहताना सैल असतो. जवळचे पाहायचे तर आतला सिलियरी स्नायू आवळावा लागतो, मग भिंग फुगते आणि अक्षर स्पष्ट दिसते. या कामाला समायोजन म्हणतात आणि ते डायॉप्टरमध्ये मोजतात. शंभराला वाचनाच्या सेंटिमीटरमधील अंतराने भागले की आकडा मिळतो. पुस्तक ४० सेंमीवर असेल तर २.५ डायॉप्टर, २५ सेंमीवर ४ आणि अंथरुणात पडून नाकाशी धरलेल्या मोबाइलला, म्हणजे सुमारे २० सेंमीला, ५. नेत्रतज्ज्ञांचा एक ढोबळ नियम आहे : डोळ्याच्या कमाल ताकदीपैकी निम्मी हाताशी राखीव राहिली, तर वाचन तास-दोन तास बिनतक्रार चालते. राखीव साठ्याला हात लागला की कपाळ दुखू लागते.

वाचनाचे योग्य अंतर मोजायला पट्टी लागत नाही. मूठ हनुवटीला लावून कोपर टेबलावर टेकवावे. कोपरापासून मुठीपर्यंतचे हे अंतर मोठ्या मुलांमध्ये ३५ ते ४० सेंमीच्या आसपास भरते, आणि तेवढे अंतर पुरे. अडचण अशी की अभ्यासाला बसताना पाळलेले अंतर अर्ध्या तासाने उरत नाही, मान वाकत जाते आणि पुस्तक जवळ येते. पुस्तक सपाट टेबलावर ठेवण्याऐवजी मागे दोन जाड वह्या लावून तिरके उभे केले, तर हे वाकणे पुष्कळ कमी होते.

उजेडाचा संबंध याच अंतराशी आहे. अक्षर अंधुक दिसले की माणूस नकळत पुस्तक जवळ ओढतो. अनेक घरांत खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर एक ट्यूबलाइट आणि अभ्यासाचे टेबल समोरच्या भिंतीला टेकवलेले असते. अशा वेळी विद्यार्थ्याच्या डोक्याची सावली नेमकी वहीवर पडते. खोली लख्ख असते, पान मात्र काळवंडलेले. यावर उपाय टेबललॅम्पचा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डाव्या बाजूला ठेवावा, डावखुऱ्याने उजव्या, म्हणजे पेनाची सावली अक्षरावर येत नाही. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली झुकलेला असावा आणि बल्ब थेट दिसता कामा नये. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे जास्त वॅटचा बल्ब आणण्याआधी दिवा ९० सेंमीवरून ४५ सेंमीवर आणून पाहावा. वाचनाच्या पानावर ३०० ते ५०० लक्स उजेड पुरेसा मानतात. फक्त लॅम्प लावून बाकी खोली काळोखी ठेवणे बरे नाही. नजर वर उचलली की दर वेळी उजेडातून अंधारात जाते आणि त्यानेही डोळे शिणतात. मोबाइलवर नोट्स वाचताना तर खोलीतला दिवा हवाच.

दिव्याच्या लुकलुकण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुना चोक असलेली ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. ते नुसत्या नजरेला कळत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा बदलून पाहावा.

विश्रांतीचा ‘२०-२०-२०’ नियम आता सर्वांना पाठ आहे : दर २० मिनिटांनी, २० फुटांवरचे, २० सेकंद पाहावे. यातले २० मिनिटे आणि २० सेकंद हे आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत, प्रयोगातून काटेकोर ठरलेले नाहीत. २० फुटांना मात्र अर्थ आहे. सुमारे ६ मीटरच्या पलीकडे डोळ्याला समायोजनासाठी जवळजवळ काहीच करावे लागत नाही, म्हणूनच तपासणीचा तक्ताही ६ मीटरवर लावतात. दहा बाय दहाच्या खोलीत समोरची भिंत पाहून हे साधत नाही. खिडकीपाशी किंवा गॅलरीत जाऊन पलीकडच्या इमारतीची टाकी पाहावी. पुस्तक मिटून मोबाइल उघडणे ही डोळ्यांची विश्रांती नव्हे, कारण स्नायू ४० सेंमीवरून सुटून थेट २० सेंमीला जुंपला जातो. विश्रांतीचा दुसरा फायदा पापण्यांचा. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणाऱ्या पापण्या एकाग्र वाचनात किंवा पडद्यासमोर पाच-सात वेळाच मिटतात आणि डोळा कोरडा पडून चुरचुरतो. पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल तर आणखीच. ही चुरचुर नंबराची खूण नाही, चष्मा बदलून ती जात नाही.

आता नंबराकडे. डोकेदुखी म्हटले की मायनस नंबर वाढला असेल, असा सर्वसाधारण समज आहे, पण मायनसवाल्याला जवळचे वाचणे उलट सोपे जाते. चष्मा काढलेला उणे ३ चा डोळा ३३ सेंमीवर काहीही जोर न लावता वाचतो. मायनस वाढल्याची खूण फळा न दिसणे, बसचा बोर्ड वाचताना डोळे बारीक करणे ही असते, आणि त्या आठ्यांमुळे कपाळ दुखले तर तेवढेच. वाचताना डोके दुखवणारे गुन्हेगार सहसा वेगळे असतात : लपलेला प्लस नंबर, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई असमान असल्याने येणारा सिलिंडर नंबर आणि दोन्ही डोळे आत वळवून एकत्र धरण्याची कमजोरी.

लपलेल्या प्लसचे उदाहरण घेऊ. अकरावीतली सोळा वर्षांची मुलगी आहे. शाळेच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचते, म्हणून ‘नंबर नाही’ अशी नोंद झालेली. संध्याकाळी क्लासहून आल्यावर वाचायला बसली की पाऊण तासात भुवयांवर दुखायला लागते, सकाळी आणि रविवारी काही नाही. घरचे म्हणतात, “अभ्यासाला बसलं की बरं डोकं दुखतं!” तिला खरे तर दोन्ही डोळ्यांत +२ नंबर आहे. दूरचा तक्ता वाचतानाच तिचे स्नायू २ डायॉप्टर जोर लावतात आणि ६/६ दाखवून मोकळे होतात. या वयात कमाल ताकद सरासरी १३ ते १४ डायॉप्टर असते, पण ११ असणेही नेहमीच्या मर्यादेत बसते. तिची ११ आहे असे धरू, म्हणजे आरामात वापरता येण्याजोगे निम्मे ५.५. पुस्तक ४० सेंमीवर असताना तिला २.५ अधिक २, म्हणजे ४.५ लागतात, हे निभते. मान वाकून पुस्तक २५ सेंमीवर आले की ६ लागतात आणि हद्द ओलांडली जाते. मोबाइलवर तर ७. मैत्रिणीला नंबर नाही, तिला त्याच मोबाइलला ५ पुरतात. म्हणून एकाच बाकावर, एकाच दिव्याखाली वाचताना एकीचे डोके दुखते आणि दुसरीचे नाही.

असा प्लस नेहमीच्या तपासणीत निसटतो. संगणकावरची नंबर काढायची मशीन मुलांच्या बाबतीत विशेष फसवते, कारण आत डोकावताना मूल स्नायू आवळते आणि मशीन मायनसकडे झुकलेला आकडा देते. तो आकडा तसाच चष्म्यात बसवला तर भार वाढतो. गरजेपेक्षा जास्त मायनस लावल्यावर अक्षरे अधिक काळी आणि किंचित लहान दिसतात; ‘कोणतं जास्त काळं दिसतं’ यावर मूल हौसेने तीच काच निवडते. खात्रीचा मार्ग म्हणजे डोळ्यांत थेंब घालून तपासणी. सायक्लोपेंटोलेटचे थेंब स्नायू तात्पुरता सैल करतात आणि लपलेला नंबर उघडा पडतो. साधारण दिवसभर जवळचे धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी ठेवू नये.

ओळी हलताना दिसणे, एका शब्दाचे दोन होणे, एक डोळा झाकला की बरे वाटणे ही लक्षणे असतील, तर दोष बहुधा दोन डोळ्यांच्या जुळणीत असतो. पेनाचे टोक हळूहळू नाकाकडे आणावे. ते नाकापासून १० सेंमीपेक्षा लांब असतानाच दोन दिसू लागले, तर तपासून घ्यावे. याला नुसता चष्मा पुरत नाही, व्यायाम लागतात. २००८ साली अमेरिकेत मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत घरी पेन्सिलीकडे पाहण्याच्या व्यायामापेक्षा दवाखान्यात देखरेखीखाली केलेल्या व्यायामांचा उपयोग बराच जास्त झाला.

नंबराची डोकेदुखी वेळापत्रक पाळते, त्यामुळे आठ-दहा दिवस दुखण्याची वेळ, जागा आणि त्याआधी किती वाचले हे वहीत टिपून तपासणीला न्यावे. वाचनानंतर सुरू होऊन झोपेने जाणारी, सुट्टीत न येणारी डोकेदुखी नंबराकडे बोट दाखवते. एका बाजूला ठणकणारी, मळमळ आणि उजेड नकोसा करणारी डोकेदुखी अर्धशिशीची असते, आणि तिच्यासाठी वर्षात तीन चष्मे बदललेली मुलेही असतात. पहाटे उठताना दुखणे, झोपेतून जाग येणे, उलटी, अचानक दोन दिसणे किंवा नजर अंधारणे यांपैकी काही असेल, तर चष्म्याच्या दुकानाऐवजी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वरच्या मुलीला पूर्ण +२ ऐवजी +१.५० चा चष्मा वाचनासाठी दिला, की २५ सेंमीलाही तिचा भार ६ वरून ४.५ वर येतो. पहिले काही दिवस चष्म्यातून दूरचे धूसर दिसते, कारण स्नायूला सैल सुटायची सवय नसते. यावर ‘नंबर चुकला’ म्हणून चष्मा कपाटात जातो. दोन आठवडे नेटाने लावून पाहावा. तरीही त्रास राहिला, तर दुकानातून काचांचा नंबर आणि दोन काचांच्या केंद्रांमधले अंतर चिठ्ठीशी ताडून घ्यावे. तेही बरोबर निघाले आणि महिनाभरानेही संध्याकाळची डोकेदुखी तशीच असली, तर कारण नंबरात शोधणे थांबवावे.