रिव्हर्स इमेज सर्च आणि स्रोत-पडताळणी

शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला देऊन त्याच्या इतर प्रती शोधण्याच्या पद्धतीला रिव्हर्स इमेज सर्च म्हणतात. २००८ मध्ये आलेले टिनआय आणि त्यानंतरचे गूगल लेन्स ही यासाठी नेहमी वापरली जाणारी साधने. सापडलेल्या प्रतींतून चित्राच्या मूळ कर्त्यापर्यंत पोहोचणे म्हणजे स्रोत-पडताळणी. ही दोन कामे वेगळी आहेत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत नेमकी त्यांचीच गल्लत होते.

पूर आलेल्या रस्त्यावरून पोहणाऱ्या शार्कचे छायाचित्र याचे उत्तम उदाहरण आहे. हार्वी वादळानंतर, ऑगस्ट २०१७ मध्ये, ते ह्यूस्टनचे म्हणून पसरले. संपूर्ण चित्र शोधले की २०११ च्या आयरीन वादळाच्या वेळच्या प्रती मिळतात, त्यांत जागा पोर्तो रिको सांगितलेली असते. ह्यूस्टनचा दावा इथेच कोसळतो. पण म्हणून पोर्तो रिकोचा दावा खरा ठरत नाही. अनेक अहवाल मात्र याच टप्प्यावर निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

पुढची पायरी म्हणजे चित्रातला फक्त शार्कचा भाग कापून पुन्हा शोध घेणे. आता रस्ता आणि गाडी यांचा प्रभाव उरत नाही आणि दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाकमागे येणाऱ्या शार्कचे छायाचित्र समोर येते. ते थॉमस पेशाक यांनी २००३ मध्ये टिपले होते. दोन्ही चित्रांतला शार्क ताडून पाहिला की तो उचलून पुराच्या चित्रात चिकटवल्याचे कळते. छायाचित्रकाराचे नाव, प्रसिद्धीचे ठिकाण आणि त्याने स्वतः दिलेली माहिती जुळली, तरच स्रोत पडताळला असे म्हणता येते.

टिनआयवर निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. तिथली तारीख मात्र त्या यंत्राला ती प्रत प्रथम केव्हा आढळली ते सांगते, चित्र केव्हा काढले ते नाही. म्हणून अहवालात ‘चित्र २०११ चे आहे’ असे न लिहिता ‘किमान २०११ पासून उपलब्ध आहे’ असे लिहावे. काहीच सापडले नाही, तर तेवढ्यावरून चित्र नवे किंवा अस्सल ठरत नाही. ते यंत्राच्या नोंदीत नसेल, किंवा आरशातल्यासारखे उलटवलेले असेल. अशा वेळी ते पुन्हा सुलटे करून, दुसऱ्या साधनावर शोधून पाहतात. छायाचित्रासोबतची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख-वेळ वगैरे, तपासावी असे पाठ्यपुस्तकी थाटात सांगितले जाते, पण बहुतेक समाजमाध्यमे ती चित्र चढवतानाच काढून टाकतात.

शोधाचे निकाल रोज बदलतात. त्यामुळे प्रत्येक शोधापुढे वापरलेले साधन, शोधाचा दिवस, चित्राचा कोणता भाग दिला आणि सापडलेल्या सर्वांत जुन्या प्रतीचा दुवा यांची नोंद हवी. पान नंतर काढून टाकले जाऊ शकते, म्हणून वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात जतन केलेल्या प्रतीचा दुवाही सोबत देतात. फसलेले शोधही याच नोंदीत ठेवायचे असतात. ते गाळले, तर कोणत्या वाटा तपासून सोडल्या हे परीक्षकाला कळत नाही.