रक्ती आव : मुलांमधील शिगेला संसर्ग

शिगेला जिवाणू मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून त्याला जखमा करतात तेव्हा रक्ती आव होते. वैद्यकात या आजाराला शिगेलोसिस म्हणतात. ताप चढतो, पोटात मुरडा येतो, मूल पुन्हा पुन्हा कुंथते आणि शी थोडीच होते, तीही शेम व रक्त मिसळलेली. लहान मुलांना कधीकधी रक्त दिसण्याआधीच तापाबरोबर झटके येतात. 1897 साली जपानमध्ये आलेल्या साथीत कियोशी शिगा यांनी हा जिवाणू शोधला. जठरातील आम्लात तो तग धरतो, त्यामुळे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. म्हणूनच घरातले पाणी शुद्ध असले तरी एका भावंडाच्या हातांवरून तो दुसऱ्याला होतो.

आपल्याकडे शीत रक्त दिसले की मेट्रोनिडाझोल सुरू करण्याची सवय फार जुनी आहे, आणि ती सोडायला हवी. हे औषध अमीबावर चालते, शिगेलावर चालत नाही, आणि लहान मुलांच्या रक्ती आवेमागे अमीबा क्वचितच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी गिळलेला अमीबा दिसला, किंवा शिगेलावरची दोन वेगवेगळी प्रतिजैविके देऊनही उतार पडला नाही, तरच त्याचा विचार करावा. मात्र तान्हे बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, उलट्या करत असेल आणि शी लालसर जेलीसारखी होत असेल, तर आतड्यात आतडे शिरल्याची शंका घ्यावी. त्याला तातडीने सोनोग्राफी आणि शल्यचिकित्सक लागतो.

पाण्यासारख्या साध्या जुलाबांत प्रतिजैविक लागत नाही, पण शिगेलाच्या रक्ती आवेत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शनात पहिली पसंती सिप्रोफ्लॉक्सासिनला आहे : वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. म्हणजे 10 किलोच्या दोन वर्षांच्या मुलाला दर वेळी 150 मिलिग्रॅम. सांध्यांना इजा होईल ही भीती इतक्या छोट्या उपचारात आडवी येऊ नये. स्थानिक जिवाणू या औषधाला दाद देत नसतील तर अझिथ्रोमायसिन तोंडाने देतात. मूल फार आजारी असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन देतात. सोबत ओआरएस, नेहमीचे खाणे, अंगावरचे दूध आणि झिंक चालू ठेवावे. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड देऊ नये.

औषध लागू पडले की नाही, हे 48 तासांनी पाहायचे. ताप उतरला, शी व रक्त कमी झाले, मूल खायला मागू लागले, तर तेच औषध पूर्ण करायचे. यातले काहीच झाले नाही तर प्रतिरोध आहे असे धरून औषध बदलायचे. शक्य असेल तिथे पहिल्या मात्रेआधीच शीचा नमुना कल्चरसाठी पाठवावा, कारण दोन दिवसांनी तोच अहवाल दिशा देतो.

हा प्रतिरोध पायरीपायरीने चढला आहे. 1984 च्या पश्चिम बंगालमधील साथीत जुनी स्वस्त औषधे निकामी ठरली आणि नॅलिडिक्सिक आम्ल हाताशी उरले. पण त्याला चुकवणारे जनुकीय बदल हीच सिप्रोफ्लॉक्सासिनला चुकवण्याची पहिली पायरी असते. 2002 च्या सुमारास उत्तर बंगालमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारा शिगेला साथीत आढळला. अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनविरुद्धची जनुके तर प्लाझमिड म्हणजे जिवाणूतील डीएनएच्या सुट्या कड्यांवरून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. साध्या जुलाबांना दिलेली प्रत्येक अनावश्यक मात्रा अशाच जिवाणूंना वाव देते.

शिगेलाच्या डिसेंटेरी जातीचा पहिला प्रकार शिगा विष तयार करतो. हे विष मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवते. तिथे गुठळ्या होतात, लाल पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि लघवी कमी होते. हा हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. असेच विष बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंतही, विशेषतः ओ157 प्रकारात, तो होतो, पण प्रतिजैविकाचा निर्णय तिथे उलटा फिरतो. त्या ई. कोलायमध्ये विषाचे जनुक जिवाणूच्या आत दडलेल्या सुप्त विषाणूवर असते. काही प्रतिजैविकांमुळे तो विषाणू जागा होतो आणि विष वाढते, म्हणून अमेरिका-युरोपात ओ157 ची शंका असताना डॉक्टर प्रतिजैविक टाळतात. तिथे राहणाऱ्या मराठी आईवडिलांनी ते हट्टाने मागू नये. शिगेलातील तो विषाणू मोडका असतो, तो असा जागा होत नाही. बांगलादेशातील अनुभवही हेच सांगतो की लवकर दिलेल्या परिणामकारक औषधानंतर या गुंतागुंतीचा धोका कमीच राहतो.

ही गुंतागुंत बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, जुलाब ओसरत असताना दिसते. नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त झालेले असतात. मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, चेहरा सुजतो, सहा-आठ तास लघवी होत नाही. अशा वेळी हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच त्याच दिवशी तपासावी. काचेवर तुटलेल्या लाल पेशी दिसल्या तर डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. जुलाबांचा इतिहास नसेल तर कारण वेगळे असू शकते : भारतीय मुलांमध्ये फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळेही हा विकार होतो, आणि त्यात प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लवकर सुरू करावा लागतो.