मधुमेही बाईचा छातीत न दुखणारा हार्ट अटॅक

अचानक दरदरून घाम, मळमळ किंवा उलटी, खालच्या जबड्यात नाहीतर दोन खांद्यांच्या मधल्या पाठीत दाब किंवा भरून आल्यासारखं वाटणं, आणि छातीत मात्र काहीच नाही किंवा अगदी नावापुरतं, अशा रूपाने आलेला हार्ट अटॅक. वीसेक वर्षं शुगर असलेल्या, साठीच्या आसपासच्या बायकांत डॉक्टर याचा संशय लवकर घेतात. जुन्या पुस्तकांत याला सरसकट ‘अटिपिकल’ म्हटलेलं सापडतं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत छातीदुखीसाठी हा शब्द वापरू नका असं सांगितलं, कारण तो ऐकला की लोक ‘म्हणजे हार्टचं नाही’ असं धरून चालतात. एक मात्र लक्षात ठेवायला हवं, अटॅक आलेल्या बायकांतही छातीतला त्रास हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, फक्त त्याच्यासोबत किंवा त्याच्याऐवजी बाकीच्या तक्रारी पुरुषांपेक्षा जास्त वेळा येतात.

छातीवर हात ठेवून कळवळणारा पुरुष हे जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय त्याचं मूळ बहुधा विल्यम हेबर्डनच्या वर्णनात आहे. लंडनच्या या डॉक्टरने १७६८ साली अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेचं, वर्णन वाचून दाखवलं, ते १७७२ साली छापलं गेलं, आणि पुढे त्याने पाहिलेल्या जवळपास शंभर रुग्णांची जी नोंद आली त्यात बायका होत्या फक्त ३. म्हणजे मूळ चित्रच पुरुषांवरून काढलेलं. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी माणूस जगू शकतो आणि ते जिवंतपणी ओळखता येतं हे जेम्स हेरिकने १९१२ साली मांडलं. बिनदुखण्याच्या अटॅकची ठोस आकडेवारी यायला मात्र १९४८ साली सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाची वाट पाहावी लागली. तिथे लोकांचे दर दोन वर्षांनी ईसीजी निघायचे, त्यामुळे कळलं की चौथ्या हिश्श्याहून जास्त अटॅक त्या वेळी ओळखलेच गेले नव्हते, नुसते ईसीजीत मागाहून दिसले, आणि हे प्रमाण बायकांत जास्त होतं. २०१२ साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदवहीच्या अभ्यासात अटॅकने भरती झालेल्या बायकांपैकी ४२ टक्क्यांना आणि पुरुषांपैकी साधारण ३१ टक्क्यांना छातीत दुखलं नव्हतं. वय वाढतं तसा हा फरक कमी होत जातो.

दुखणं कमी का होतं यावर एकमत नाही. सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात जास्त सांगितला जाणारा खुलासा नसांचा आहे. हृदयातून वेदनेचा निरोप नेणारे बारीक तंतू स्वायत्त नसांबरोबर, म्हणजे नाडी, घाम, पचन आपोआप चालवणाऱ्या नसांबरोबर, जातात, आणि वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पायांच्या नसांसारखेच तेही झिजतात. १९७७ साली अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी बिनदुखण्याच्या अटॅकने गेलेल्या मधुमेही रुग्णांच्या हृदयांतले तंतू मायक्रोस्कोपखाली तपासले तेव्हा ते खराब झालेले आढळले. पण असे रुग्ण अगदी थोडे होते, आणि पुढे असंही दिसलं की नसांच्या टेस्ट नॉर्मल असलेल्या काही मधुमेहींनाही अटॅक न दुखता येतो. दुसरा खुलासा वयाचा: हे रुग्ण मुळातच वयस्कर असतात आणि वयाने वेदना बोथट होते. तिसरा जरा वेगळा आहे, त्यात म्हणणं असं की छातीत काहीतरी होत असतंच, पण ते दाब, जडपणा, कोंडल्यासारखं असं असतं, बाई त्याला दुखणं म्हणत नाही आणि डॉक्टर विचारतात ‘छातीत दुखतंय का?’, उत्तर येतं ‘नाही’, आणि केसपेपरवर तेच चढतं. नसांच्या झिजेला बाजूला सारता येत नाही, पण ती एकटी सगळं समजावू शकत नाही, आणि तिसऱ्या म्हणण्यात जितकं तथ्य आहे तितकं वजन त्याला क्वचितच मिळालंय.

यात एक कोडं राहतं: नसा मेल्यात तर घाम कसा काय येतो? नसांची झीज सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरू होते, म्हणून मधुमेहींचे पाय कोरडे पडतात आणि चेहरा, मान, छातीचा वरचा भाग मात्र उलट जास्त घामेजतो. अटॅकमध्ये शरीर अॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं सोडतं आणि घामाच्या नसांना एकदम जोर येतो, तो घाम वरच्या भागात फुटतो. मळमळ येते ती मुख्यतः व्हेगस नसेमुळे. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त मिळालं नाही की तिथले या नसेचे तंतू चाळवतात, नाडी आणि बीपी खाली जातात, पोट ढवळतं. जबडा आणि पाठ का, तर हृदयाचे तंतू मज्जारज्जूत छातीच्या वरच्या भागातल्या कप्प्यांत शिरतात, तिथेच पाठीची त्वचा आणि स्नायूंचे निरोपही येतात, आणि व्हेगसमार्गे काही निरोप मानेच्या वरच्या कप्प्यांपर्यंत जातात जिथे जबड्याच्या नसेचं टोक पोचलेलं असतं. मेंदूला निरोप नक्की कोणाचा ते वेगळं करता येत नाही. म्हणूनच पाठ दुखते म्हणजे हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक, असा हिशेब चालत नाही.

घरात गडबड होते ती शुगरवरून. हे सविस्तर बघायला एक नमुना घेऊ, कल्पित पण रोजच्या प्रॅक्टिसमधला. इंदूरच्या रामबागेतल्या काकू, वय ६१, चौदा वर्षांची शुगर, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू, बीपीची गोळी. डिसेंबरची थंडी, आदल्या रात्री भाच्याबरोबर सराफ्यात जाऊन गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाल्लेला. पहाटे पावणेसहाला जाग आली ती मळमळीने, पंखा बंद, शाल अंगावर, तरी ब्लाऊज पाठीला चिकटलेलं, दोन्ही बाजूंचा खालचा जबडा जड. सून म्हणाली, ‘आई, गराडू बाधले, पित्त झालंय.’ काकू म्हणाल्या, ‘अगं, घबराहट होतेय नुसती, थोडं पडते.’ ग्लुकोमीटर लावला, २६४. मग सगळ्यांना वाटलं शुगर वाढली म्हणून हे होतंय.

इथे दोन गोष्टी उलट्या समजल्या जातात. घाम आणि मळमळ शुगर उतरल्यावर होऊ शकते, म्हणजे ७०च्या खाली, आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईत ही शक्यता खरीच असते, म्हणून ग्लुकोमीटर लावणं बरोबरच. तसा आकडा आला असता तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी, आणि आकडा वर आल्यावरही घाम-मळमळ राहिली तर ती शुगरची नाही. पण २६४वर घाम फुटण्याचं कारण शुगर नसते, उलट अटॅकच्या ताणाने शरीर साखर सोडतं आणि आकडा वाढतो. काकूंचा २६४ हा अटॅकचा परिणाम असण्याची शक्यता कारण असण्यापेक्षा जास्त होती. जबडा दोन्ही बाजूंना, दाताला हात लावला तरी न वाढणारा, गरम-गार पाण्याने न बदलणारा, हेही दाताचं नसल्याचं लक्षण.

१०८ला फोन करून सव्वासातला हॉस्पिटलात पोचल्यावर १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, तो निघाला. पहिल्या ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीकडे बघणाऱ्या तीन लीडमध्ये, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफ या रेघांमध्ये, एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरची एरवी सपाट रेघ, किंचित उचललेला, एक मिलिमीटरपेक्षा कमी, आणि एव्हीएलमध्ये तो खाली गेलेला. नुसत्या मशीनच्या छापील निदानावर विसंबलं तर हा पेपर ‘ठीक’ म्हणून बाजूला पडतो, पण एव्हीएलचा उलटा बदल खालच्या भिंतीच्या अटॅकची फार लवकर येणारी खूण असते. नाडी ४८, बीपी ९४/६०. पंधरा मिनिटांनी दुसरा ईसीजी काढला तेव्हा एसटी दोन मिलिमीटर उचललेला होता. आता संशयाला जागा नव्हती.

खालच्या भिंतीचा अटॅक म्हटलं की उजव्या बाजूची व्ही४आर लीड लावतात, हृदयाची उजवी बाजूही अटॅकमध्ये सापडलीय का ते बघायला, आणि ती सापडली असेल किंवा बीपी आधीच खाली असेल तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी धोक्याची, कारण ती बीपी अजून पाडते. घरच्या डब्यात सासऱ्यांची सॉर्बिट्रेट असते आणि लोक ती देऊन मोकळे होतात, काकूंच्या मुलानेही बाहेर काढलीच होती. अॅस्पिरिनचं वेगळं: ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून, अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर. १९८८च्या आयसिस-२ अभ्यासात अॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. पोटात उशिरा विरघळणाऱ्या थराची गोळी गिळली तर हा फायदा उशिरा मिळतो, म्हणून चावणं. पण दोन खांद्यांच्या मध्ये एकदम फाटल्यासारखी भयंकर कळ आणि दोन हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक असेल तर महाधमनी फाटल्याची शंका घ्यावी लागते आणि तिथे रक्त पातळ करणं घातक. काकूंच्या पाठीत काहीच नव्हतं, दोन्ही हातांचं बीपी सारखं होतं, म्हणून अॅस्पिरिन दिली आणि त्यांना थेट कॅथलॅबमध्ये नेलं. हृदयाची उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली, स्टेंट बसवला. अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होणार नसेल अशा गावी आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवतात. हा नियम इंदूरपेक्षा खरगोन-बडवानीकडच्या घरांना जास्त लागू होतो.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाबद्दल एक तपशील क्वचितच सांगितला जातो. त्रास सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ते नॉर्मल येऊ शकतं, म्हणून पुन्हा काढतात. आणि बायकांची वरची हद्द पुरुषांपेक्षा खाली असते, एका प्रचलित टेस्टमध्ये ती बायकांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. लॅबच्या रिपोर्टवर एकच आकडा छापलेला असेल तर २० आलेली बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाऊ शकते.

मधुमेहाने बायकांचा हृदयरोगाचा धोका पुरुषांपेक्षा जास्त पटीने वाढतो. २०१४च्या एका एकत्रित विश्लेषणात हा जादा भाग ४४ टक्के निघाला होता. नसांची झीज किती झालीय याचा अंदाज साध्या गोष्टींवरून येतो, बसल्या जागी नाडी १००च्या वर राहते का, उभं राहिल्यावर वरचं बीपी २०ने पडतं का, खोल श्वास घेताना नाडीत १० ठोक्यांपेक्षा कमी फरक पडतो का. अशी बाई असेल तर जुना ईसीजी फायलीत लावून ठेवलेला उपयोगी पडतो, कारण सकाळी सव्वासातला नवीन पेपर बघणाऱ्या डॉक्टरला हा एव्हीएलमधला बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे त्याच्यावरूनच लगेच ठरवता येतं.